बॉन्ड व्हॅलन्स सम जुळत नाही? लोहाला दोष देण्याआधी फॉस्फरस बघा

रिफाइनमेंट संपलेले असते, आर-फॅक्टर चांगला असतो, डिफरन्स कर्व्ह सपाट असतो. मग कोणीतरी बॉन्ड व्हॅलन्स सम काढतो आणि लोहाची बेरीज २.२३ येते. लगेच मसुद्यात वाक्य पडते: 'नमुन्यात काही प्रमाणात Fe3+ आहे.' ही तक्रार माझ्याकडे वर्षानुवर्षे येते आहे. धातू बदलतो, प्रयोगशाळा बदलते, पण दुखणे बहुतेक वेळा तेच निघते. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहून ठेवतो. उदाहरण LiFePO4 चे घेतले आहे. बॅटरीवर काम करणाऱ्यांच्या हातात ते रोज असते, आणि त्याच्या रचनेत एक सोय आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच.

आधी सूत्र डोळ्यांसमोर असू द्या. प्रत्येक बंधाची व्हॅलन्स s = exp((R0 − R)/B). R म्हणजे तुमच्या रचनेतले अंतर, R0 म्हणजे त्या आयनजोडीचा तक्त्यातला आकडा, आणि B बहुतेक जुन्या तक्त्यांत ०.३७ अँगस्ट्रॉम. एका अणूभोवतीच्या सगळ्या s ची बेरीज त्याच्या ऑक्सिडेशन स्टेटच्या जवळ यायला हवी. कल्पना पॉलिंगच्या १९२९ च्या नियमातली आहे, पण आज आपण वापरतो ते आकडे मुख्यतः ब्राऊन आणि आल्टरमाट यांच्या १९८५ च्या तक्त्यातून आलेले आहेत. घातांकी सूत्र असल्यामुळे अंतरातल्या बारीक फरकाचाही मोठा परिणाम होतो. ०.०१ अँगस्ट्रॉम चुकले तर त्या बंधाची व्हॅलन्स जवळपास पावणेतीन टक्क्यांनी हलते, आणि ०.१ चुकले तर तीस टक्क्यांच्या आसपास. हे प्रमाण लक्षात राहिले की पुढच्या अर्ध्या तपासण्या आपोआप सुचतात.

लक्षणे

तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी एवढेच विचारतो: एकाच अणूची बेरीज बिघडली आहे की सगळ्यांची, आणि कुठल्या दिशेने? उत्तरे साधारण अशी येतात.

- सगळ्याच कॅटायनांची बेरीज एकाच दिशेने, दोन-पाच टक्क्यांनी सरकलेली. संशय सेलवर.
- एकाच धातूची बेरीज अर्ध्यावर किंवा दोन तृतीयांशावर आलेली. संशय शेजारी मोजण्यावर.
- एका कॅटायनाची बेरीज वर, शेजारच्याची खाली. संशय त्या दोघांमधल्या ऑक्सिजनवर. सर्वाधिक येणारी आणि सर्वाधिक फसवणारी तक्रार हीच.
- कॅटायन ठीक, पण एखाद्या ऑक्सिजनची बेरीज १.१ किंवा ०.३. संशय न दिसलेल्या हायड्रोजनवर.
- मोठा कॅटायन जास्त, छोटा कमी, आणि डेटा कितीही सुधारला तरी आकडे तेच. इथे रचनेतच खरा ताण असू शकतो.

पहिली तपासणी: तक्त्यातली ओळ आणि शेजाऱ्यांची मोजणी

याला काही खर्च येत नाही, पाच मिनिटांचे काम आहे. आययूसीआरच्या संकेतस्थळावर ब्राऊन यांनी जमवलेली `bvparm` फाइल मिळते. तिच्यात एकाच आयनजोडीच्या अनेक ओळी असतात, वेगवेगळ्या शोधनिबंधांतून घेतलेल्या, आणि शेवटच्या रकान्यातले अक्षर स्रोत सांगते. लोह आणि ऑक्सिजनसाठी आपल्याला हव्या त्या ओळी साधारण अशा:

```
Fe  2  O  -2  1.734  0.37  a
Fe  3  O  -2  1.759  0.37  a
```

ऑक्सिडेशन स्टेटच्या जागी 9 दिसला तर त्याचा अर्थ स्टेट ठरवलेली नाही. ती ओळ घेऊन स्टेट सिद्ध करता येत नाही. दुसरे म्हणजे R0 आणि B ही जोडी कधी तोडू नका. नव्या तक्त्यांत B अनेकदा ०.३७ नसतो, आणि नवा R0 घेऊन त्याला जुना B लावला की लांब बंधांची बेरीज हमखास चुकते.

आता शेजारी. LiFePO4 मध्ये लोहाभोवती सहा ऑक्सिजन आहेत: एक २.२०४, एक २.१०८, दोन २.०६४ आणि दोन २.२५१ अँगस्ट्रॉमवर. प्रोग्रॅमने हातात काय दिले यावर विसंबू नका, एकदा स्वतः बेरीज करा:

```python
from math import exp
d = [2.204, 2.108, 2.064, 2.064, 2.251, 2.251]
for R0 in (1.734, 1.759):
    print(R0, round(sum(exp((R0 - x)/0.37) for x in d), 2))
```

Fe2+ च्या आकड्याने १.९६ येते आणि Fe3+ च्या आकड्याने २.१०. दोन्ही गृहीतकांचे उत्तर दोनच्या आसपास आहे, म्हणजे हे लोह +2 आहे. हीच खरी कसोटी: जे गृहीत धरून आकडा घेतला, बेरीज त्याच्याकडेच परत आली पाहिजे. Fe3+ चा R0 घेऊन २.१० आले तर त्या गृहीतकाने स्वतःलाच खोटे ठरवले.

याच यादीत कट-ऑफ चुकून २.२ ठेवला तर तीन बंध गळतात आणि बेरीज १.१८ वर येते. सममितीने येणारे दोन-दोन बंध एकेकदाच धरले तर १.३०. असा आकडा दिसला की आधी यादीतले बंध बोटांवर मोजा. लोहाच्या बाबतीत सहानंतरचा शेजारी पुष्कळ लांब असतो, ३ अँगस्ट्रॉमवरच्या ऑक्सिजनची व्हॅलन्स जेमतेम ०.०३ भरते, त्यामुळे कट-ऑफ थोडा सैल ठेवायला हरकत नाही. बेरियम, शिसे, बिस्मथ यांच्या बाबतीत मात्र लांबचे बंध मिळून मोठा वाटा उचलतात. तिथे कट-ऑफ घट्ट ठेवला तर बेरीज उगाच कमी दिसते.

दुसरी तपासणी: सेल

सगळ्या बेरजा एकाच दिशेला सरकल्या असतील तर अणूंच्या जागांकडे वळायच्या आधी सेल बघा. सेल अर्ध्या टक्क्याने लहान निघाला तर सगळी अंतरे तेवढीच आखडतात. लोहाच्या २.१५ च्या आसपासच्या बंधांत सुमारे ०.०११ अँगस्ट्रॉमचा फरक पडतो आणि बेरीज तीन टक्क्यांनी चढते. फॉस्फरसचे बंध आखूड असल्याने तो दोन टक्क्यांनी चढतो. म्हणजे सगळे वर जातात, आणि लांब बंधवाले जरा जास्त. अशी सही दिसली की तरंगलांबी, झिरो शिफ्ट आणि नमुन्याची उंची तपासा. होल्डरमध्ये पावडर थोडी वर-खाली बसली तर ब्रॅग-ब्रेंटानो मशीनवर हे सहज घडते. सिलिकॉनचा स्टँडर्ड मिसळून एकदा पॅटर्न घेतला की शंका फिटते.

याच टप्प्यावर आणखी एक फुकटचा पुरावा हाती लागतो. LiFePO4 चा सेल a = १०.३३, b = ६.०१, c = ४.६९ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतो, घनफळ सुमारे २९१ घन अँगस्ट्रॉम. सगळे लिथियम काढून FePO4 केले की घनफळ जवळपास ७ टक्क्यांनी घटते. त्यामुळे नमुन्यातल्या लोहाचा पाव भाग खरोखर +3 असेल तर त्याची खूण सेलमध्ये दिसायला हवी. आणि खोलीच्या तापमानाला हे दोन पदार्थ सहसा एकमेकांत मिसळून राहत नाहीत, वेगळ्या फेज म्हणून बसतात. म्हणजे FePO4 ची स्वतंत्र शिखरे दिसायला हवीत. अतिसूक्ष्म कणांत किंवा दोष जास्त असलेल्या नमुन्यांत हा नियम सैल पडतो, पण नेहमीच्या भट्टीतल्या नमुन्याला तो लागू आहे. घनफळ २९१ वर, दुसरी शिखरे नाहीत, आणि बेरीज मात्र २.२३. अशा वेळी मी लोहाकडे बघतच नाही, सरळ पुढच्या तपासणीला लागतो.

तिसरी तपासणी: ज्याच्या स्टेटबद्दल शंका नाही, त्याची बेरीज

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि बहुतेक प्रकरणे इथेच सुटतात. LiFePO4 मध्ये लोहाची स्टेट +2 की +3 यावर वाद होऊ शकतो. फॉस्फेटमधल्या फॉस्फरसबद्दल होऊ शकत नाही, तो +5 च. म्हणजे रचनेच्या आतच एक प्रमाण वजन ठेवलेले आहे, आणि त्याच्यावर तराजू तपासल्याशिवाय लोह तोलायचे नाही.

चांगल्या रचनेत काय येते ते आधी बघू. P–O अंतरे १.५३४, १.५३६ आणि दोन १.५५६, R0 १.६१७. बेरीज ४.८५. लिथियमची ०.९६. ऑक्सिजनांपैकी O1 ची १.८३, O2 ची १.९८, O3 ची १.९८. O1 किंचित कमी आहे, पण काळजी करण्याजोगे काही नाही.

आता साध्या लॅब एक्स-रे पावडर डेटावरून केलेली रिफाइनमेंट घ्या आणि समजा O3 थोडा सरकला आहे, फॉस्फरसपासून दूर आणि लोहाच्या जवळ. P–O3 १.५५६ ऐवजी १.६३ झाले, Fe–O3 ची २.०६४ आणि २.२५१ ही अंतरे १.९८ आणि २.२१ झाली. असे सरकणे मुळीच दुर्मीळ नाही. एक्स-रे इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. लोहाजवळ २६ इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनजवळ ८. शिखरे एकमेकांवर चढलेली असली, नमुन्यात कणांची दिशा एकसारखी बसली असली, की ऑक्सिजनच्या जागेत अर्धा-एक दशांश अँगस्ट्रॉमची चूक आर-फॅक्टरला जाणवतही नाही.

या सरकलेल्या रचनेत लोहाची बेरीज २.२३ येते. Fe3+ च्या आकड्याने २.३८. मिश्र स्टेट काढायचे नेहमीचे गणित आहे: Fe2+ च्या बेरजेतून २ वजा करा, आणि त्याला ते मूल्य अधिक '३ वजा Fe3+ ची बेरीज' याने भागा. ०.२३ ला ०.८५ ने भागले की ०.२७. सत्तावीस टक्के Fe3+! आकडा नेमका, पद्धत प्रसिद्ध, निष्कर्ष मनासारखा. आणि तो पूर्णपणे एका ऑक्सिजनच्या चुकलेल्या जागेतून आलेला.

हे उघडकीला येते ते फॉस्फरसमुळे. याच रचनेत त्याची बेरीज ४.४३ पडते. लोहाला जे जास्तीचे मिळाले ते फॉस्फरसच्या वाट्यातून गेले. लोहाचे खरेच ऑक्सिडेशन झाले असते तर Fe–O आखडले असते, पण PO4 चा चतुष्फलक जसाच्या तसा राहिला असता. फॉस्फेट गट कडक असतो, त्याचे बंध सहजी ताणले जात नाहीत. म्हणून माझा नियम असा: शंकेतल्या धातूची बेरीज छापण्याआधी त्याच्याशी ऑक्सिजन वाटून घेणाऱ्या फॉस्फरस, सिलिकॉन, गंधक किंवा तशाच निःशंक अणूची बेरीज त्याच तक्त्यात शेजारी लिहा. ती पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त हललेली असेल तर धातूबद्दल काहीही म्हणायचे नाही.

उपाय काय? P–O अंतरांवर सुमारे १.५४ चा सौम्य रिस्ट्रेंट घाला, ऑक्सिजनांचा तापीय पॅरामीटर सामाईक ठेवा, आणि रिफाइनमेंट पुन्हा चालवा. आर-फॅक्टर जेमतेम हलला आणि लोह १.९५–२.० वर आले तर डेटाकडे आधीचा ऑक्सिजन कुठे आहे हे सांगायची ताकदच नव्हती. पण एक सावधगिरी हवी. रिस्ट्रेंट घातल्यावर फॉस्फरसची बेरीज ४.९ आली हा पुरावा राहत नाही, ती तुम्ही घातलेली माहिती परत मिळाली. लोहाची बेरीजही आता अंशतः तुमच्या गृहीतकावर उभी आहे. मजकुरात हे स्पष्ट लिहा. परीक्षक विचारतोच, आणि विचारायलाच हवे.

इथेच अनिश्चिततेचेही बघून घ्या. बंधाची अनिश्चितता σ असेल तर त्या व्हॅलन्सची sσ/B. लोहाच्या सहा बंधांना प्रत्येकी ०.०२ धरले तर बेरजेत सुमारे ०.०४ येते, ०.०५ धरले तर ०.११. रिटव्हेल्ड प्रोग्रॅम जे esd छापतात ते बहुधा आशावादी असतात. तेव्हा लॅब पावडर डेटावरून २.० आणि २.१ यांतला फरक अर्थपूर्ण मानू नका.

चौथी तपासणी: ऑक्सिजनच्या बेरजा

पुष्कळ जण फक्त धातूंच्या बेरजा काढून थांबतात. ऑक्सिजनच्या काढायला आणखी दहा मिनिटे लागतात आणि हायड्रोजनचा पत्ता त्याच सांगतात. बेरीज दोनऐवजी १.० ते १.२ च्या दरम्यान आली तर तो बहुधा हायड्रॉक्सिल, ०.४ च्या खाली आली तर पाणी. हायड्रोथर्मल पद्धतीने केलेल्या फॉस्फेटमध्ये हे आवर्जून बघा. O ला OH केले की विद्युतभाराचा हिशेब बदलतो, आणि काल ज्याला Fe3+ म्हणत होता तो Fe2+ निघू शकतो, किंवा उलट. १.६–१.८ च्या मधल्या पट्ट्यात घाई नको. तो ऑक्सिजन बाहेरून हायड्रोजन बंध घेत असेल, किंवा शेजारच्या जागेवर दोन प्रकारचे अणू असतील, किंवा नुसताच सरकलेला असेल.

पाचवी तपासणी: जागेवर कोण बसले आहे

बॉन्ड व्हॅलन्स सम सरासरी रचनेवर काढली जाते, एका-एका सेलवर नव्हे. LiFePO4 मध्ये, विशेषतः हायड्रोथर्मल नमुन्यांत, काही लोह लिथियमच्या जागेवर बसते. तसे झाले तर त्या जागेभोवतीची अंतरे दोन्ही आयनांची सरासरी दाखवतात आणि बेरीज कोणाचीच नीट येत नाही. लिथियमच्या जागेवर ऑक्युपन्सी मोकळी सोडून बघा. लिथियमला इलेक्ट्रॉन तीनच, त्यामुळे तिथे थोडे जरी लोह असले तरी एक्स-रेला ते ठळक दिसते. ऑक्युपन्सी आणि तापीय पॅरामीटर एकाच वेळी सोडले तर मात्र ते एकमेकांची चूक झाकतात. आधी एक धरून ठेवा.

एखाद्या ऑक्सिजनचे एलिप्सॉइड एका दिशेने लांबट झाले असेल तर तेही याच रोगाचे लक्षण आहे. तो दोन जवळच्या जागांत विभागलेला असतो आणि आपण मधली जागा मोजतो. घातांकी सूत्राचा गुण असा की एक बंध आखडला आणि दुसरा तेवढाच लांबला तर बेरीज वाढते, म्हणून मधली जागा धरली की बेरीज खऱ्यापेक्षा कमी येते. उलट ऑक्सिजनच्या जागांत निव्वळ गोंधळ असेल, सरासरी अंतर बरोबर पण एकेक अंतर इकडेतिकडे, तर बेरीज उगाच फुगते. दिशा लक्षात ठेवा: अदृश्य डिसऑर्डर बेरीज खाली नेतो, विस्कटलेल्या जागा ती वर नेतात.

सहावी तपासणी: ताण खरा आहे का

इथपर्यंत सगळे पार करूनही आकडे हलत नसतील तर रचनाच तशी असू शकते. पण विकृत को-ऑर्डिनेशन आणि ताणलेले को-ऑर्डिनेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ शोधनिबंधांतही दिसते.

LaMnO3 घ्या. खोलीच्या तापमानाला मँगनीजभोवती दोन बंध १.९०७, दोन १.९६८ आणि दोन थेट २.१७८ अँगस्ट्रॉमवर. अष्टफलक डोळ्यांना पार वेडावाकडा दिसतो. बेरीज मात्र Mn3+ च्या १.७६० ने ३.१३. सगळे बंध सरासरी अंतरावर, म्हणजे २.०१८ वर ठेवले असते तर २.९९ आली असती. हा जान-टेलर परिणाम आहे. मँगनीज विकृत आहे, पण त्याला हवी तेवढी व्हॅलन्स मिळते आहे. इथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

आता SrTiO3 आणि BaTiO3 शेजारी ठेवा. SrTiO3 घनाकृती, a = ३.९०५. टायटॅनियमची बेरीज ४.१४, स्ट्रॉन्शियमची २.११. समाधानी रचना. BaTiO3 १२० अंश सेल्सियसच्या आसपास घनाकृती होते, तेव्हा a सुमारे ४.०१. त्यावर टायटॅनियम ३.५९ आणि बेरियम २.७१. बेरियम +2 शिवाय दुसरे काही होऊ शकत नाही, त्यामुळे ऑक्सिडेशन स्टेटचा प्रश्नच नाही. बेरियम त्या पोकळीत चेपलेला आहे, त्याने सेल फुगवला आहे, आणि त्या फुगलेल्या अष्टफलकात टायटॅनियमला ऑक्सिजन पुरेसे जवळ मिळत नाहीत. थंड झाल्यावर टायटॅनियम मध्य सोडून एका ऑक्सिजनकडे सरकतो: सुमारे १.८३, चार २.०० आणि समोरचा २.२१. आता बेरीज ३.७३ येते, मध्यभागीच राहिला असता तर ३.५८ वर अडकला असता. फेरोइलेक्ट्रिक गुणधर्मामागचा हा एक धागा बेरजेत सरळ वाचता येतो.

सगळ्या रचनेचा एकच आकडा हवा असेल तर ग्लोबल इन्स्टॅबिलिटी इंडेक्स काढा: प्रत्येक अणूच्या बेरजेतला अपेक्षेपासूनचा फरक, त्याचा वर्ग, त्यांची सरासरी आणि मग वर्गमूळ. फुलप्रॉफसोबतचा `Bond_Str` तो छापून देतो. वरच्या आकड्यांवरून SrTiO3 साठी सुमारे ०.१० येतो आणि घनाकृती BaTiO3 साठी ०.३७. साधारण समज असा की ०.१ च्या आत रचना निवांत, ०.२ च्या वर गेली की रचना किंवा तुमचे मॉडेल यांपैकी काहीतरी अडचणीत. पण BaTiO3 हे खरेखुरे, पक्के, बाजारात कपॅसिटरमध्ये भरलेले द्रव्य आहे. म्हणून ०.२ ओलांडले की रचना 'अशक्य' आहे असे लिहू नका. ताण कुठल्या दोन अणूंमध्ये वाटला गेला आहे ते दाखवा, आणि त्यावर रचनेने शोधलेला उतारा, म्हणजे सरकणे, कलणे किंवा जागा रिकामी ठेवणे, डेटात दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर स्पेस ग्रुपची सममिती गरजेपेक्षा वरची निवडली आहे का, हा प्रश्न विचारा.

थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

काही ठिकाणी ही पद्धत तुम्हाला पुढे नेणार नाही, आणि तिथे रिफाइनमेंटच्या आणखी फेऱ्या मारणे म्हणजे वेळ घालवणे.

लोहाची बेरीज तिसऱ्या तपासणीनंतरही २.२ ते २.८ च्या मध्ये असेल, फॉस्फरस ठीक असेल आणि सेलही काहीतरी सांगत असेल, तर मोसबॉअर करा. हाय-स्पिन Fe2+ चा आयसोमर शिफ्ट धातुरूप लोहाच्या तुलनेत सुमारे १.२ मिमी प्रतिसेकंद आणि Fe3+ चा ०.४ च्या आसपास. दोन्ही डब्लेट वेगळे दिसतात आणि प्रमाण सरळ क्षेत्रफळावरून येते. मँगनीज, कोबाल्ट, व्हॅनेडियम असेल तर एक्स-रे अवशोषणाची कड बघावी लागते, त्यासाठी इंदूरच्या आरआरकॅटमध्ये इंडस-२ वर सोय आहे. कोबाल्ट आणि लोहाच्या लो-स्पिन स्थितीत बंध आखूड होतात आणि नेहमीचा तक्ता बेरीज वर दाखवतो, तिथे चुंबकीय मापनाशिवाय निकाल देऊ नका. धातू-धातू बंध असलेल्या किंवा उच्च दाबाखालच्या रचनांना हे R0 जसेच्या तसे लावू नका.

ऑक्सिजनची जागाच पटत नसेल तर न्यूट्रॉन डेटा हवा. न्यूट्रॉनला लोहाशेजारचा ऑक्सिजन झाकलेला राहत नाही, आणि लिथियमची स्कॅटरिंग लेंग्थ ऋण असल्याने Li आणि Fe ची अदलाबदलही स्पष्ट कळते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर विद्यापीठांतल्या संशोधकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत अर्ज करता येतो. नमुना ग्रॅममध्ये लागतो, मिलिग्रॅममध्ये भागत नाही. नैसर्गिक लिथियममधला लिथियम-६ न्यूट्रॉन जोरात शोषतो, म्हणून शक्य असेल तर लिथियम-७ वापरून नमुना करा, नाहीतर अवशोषणाची दुरुस्ती आणि जास्त मोजणीचा वेळ आधीच धरून ठेवा.

तिथल्या बीमलाइनवरच्या माणसाकडे जाताना नुसती 'लोह २.२३' ही ओळ नेऊ नका. सीआयएफ, कच्चा पॅटर्न, वापरलेल्या R0-B च्या ओळी त्यांच्या स्रोतासकट, आणि सगळ्या अणूंच्या, ऑक्सिजनसकट, बेरजांचा एक तक्ता न्या. रिस्ट्रेंट घातले असतील तर त्याच्याशिवायची आवृत्तीही सोबत ठेवा.